विषय: ताजी द्राक्षे, न्हावा शेवा ते रॉटरडॅम, 1 × 40 फूट हाय क्यूब रीफर, भरणी 20 फेब्रुवारी 2026: शिपमेंट सूचना आणि कागदपत्रे

नमस्कार संतोषराव,

बुकिंग कन्फर्मेशन मिळालं. खालच्या सूचना ऑपरेशन्सच्या टीमला जशाच्या तशा द्या. काही शंका असेल तर भरणीच्या आधी फोन करा.

माल: थॉमसन सीडलेस, 500 ग्रॅम पनेट, 4.5 किलोचे 2,800 बॉक्स, 20 पॅलेट. निव्वळ वजन 12,600 किलो, पॅलेटसह एकूण 14,680 किलो. पॅलेटवर आयएसपीएम-15 चा शिक्का आहे. अटी सीएफआर रॉटरडॅम, भाडं आम्ही भरणार, विमा खरेदीदाराकडे.

तारखा

गुरुवारी, 19 तारखेला शिवजयंतीची सुट्टी आहे. म्हणून रिकामा कंटेनर 18 तारखेलाच यार्डातून काढा आणि त्याच दिवशी नंबर कळवा. फायटोच्या अर्जात तो लागतो, त्यामुळे ऐनवेळी कंटेनर बदलला तर सगळी कागदं फिरून करावी लागतील. एका दिवसाचं डिटेन्शन लागलं तरी आम्हाला चालेल. 20 ला सकाळी 7 वाजता गाडी पिंपळगाव बसवंतच्या पॅकहाऊसला हवी, आणि 21 च्या संध्याकाळपर्यंत टर्मिनलमध्ये गेट-इन. कट-ऑफ 22 चा असला तरी शेवटच्या दिवसाच्या रांगेत माझा माल नको.

कंटेनर आणि तापमान

पीटीआय झालेला, आतून कोरडा आणि वास नसलेला कंटेनर द्या. आधीच्या खेपेत मासळी किंवा कांदा गेला असेल तर तो नाकारणार. आमच्याकडे डॉकिंग आहे, म्हणून कंटेनर 0 अंशावर प्री-कूल करून आणा. भरणी चालू असताना युनिट बंद राहील. जेनसेटमध्ये पूर्ण डिझेल हवं. कसारा घाटात गाडी अडकली तरी युनिट थांबता कामा नये. टर्मिनलवर प्लग-इन झाल्यावर डिस्प्लेचा फोटो पाठवा.

सेट पॉइंट उणे 0.5 अंश सेल्सिअस. गेल्या हंगामात एका खेपेच्या बुकिंगमध्ये उणे चिन्ह गळलं, कंटेनर अधिक 0.5 वर गेला आणि देठ तपकिरी पडल्याची तक्रार आली. जहाजं केपमार्गे जात असताना तेवढा फरकही महागात पडतो. म्हणून सगळीकडे MINUS अक्षरात लिहा. व्हेंट ताशी 15 घनमीटर, 15 टक्के नव्हे. युनिटच्या पट्टीवर दोन्ही मापं असतात आणि ड्रायव्हर चुकीचं वाचतो. आत दोन डेटा लॉगर ठेवणार आहोत, त्यांचे नंबर पॅकिंग लिस्टवर येतील.

बिल ऑफ लेडिंग

मालाच्या वर्णनात नेमकं एवढंच:

```
1 X 40' HC REEFER CONTAINER STC
2800 CARTONS ON 20 PALLETS
FRESH TABLE GRAPES
HS CODE 08061000
NET WT 12600 KGS / GROSS WT 14680 KGS
SET TEMP MINUS 0.5 DEG C
VENT 15 CBM/HR
FREIGHT PREPAID
```

तीन मूळ प्रती हव्यात, सी-वे बिल नको. खरेदीदाराचे पैसे जमा झाले की सरेंडर करायला लेखी सांगेन. त्याआधी कुणाच्याही फोनवर सरेंडर करू नका. ड्राफ्ट मला दाखवल्याशिवाय फायनल करायचा नाही.

आमच्याकडून

आज या मेलसोबत: इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, आयईसी, बँकेच्या एडी कोडचं पत्र, सेल्फ-सीलिंगची परवानगी, अपेडा नोंदणी आणि रेसिड्यू लॅब रिपोर्ट. खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि इओआरआय नंबर इनव्हॉइसवर आहे. युरोपच्या आयसीएस-2 फाइलिंगसाठी तोच वापरा.

भरणीनंतर त्याच रात्री: आरएफआयडी ई-सीलचा नंबर, वजनकाट्याची पावती आणि व्हीजीएम. ॲगमार्क ग्रेडिंग सर्टिफिकेट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट निघताच स्कॅन पाठवतो. फायटोची मूळ प्रत आम्हीच खरेदीदाराला कुरिअर करू, तुमच्या पाकिटात शोधू नका.

तुमच्याकडून

शिपिंग बिलाची चेकलिस्ट आधी मला पाठवा, मी मंजूर केल्यावरच आइसगेटवर सबमिट करा. त्यात रोडटेपसाठी RODTEPY टाकलंय का ते स्वतः पाहा. नंतर दुरुस्तीच्या मागे धावावं लागतं आणि हक्काचे पैसे अडकतात. पुढे लेट एक्स्पोर्ट ऑर्डरची प्रत, जहाजावर चढल्याची तारीख आणि तुमचं बिल. भाडं, टर्मिनल आणि कस्टम्सचा खर्च वेगवेगळ्या ओळींत दाखवा.

इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो आणि बिल ऑफ लेडिंग या चारही कागदांवर बॉक्सची संख्या, वजन, कंटेनर आणि सील नंबर एकच हवा. रॉटरडॅमला एका आकड्यावरून कंटेनर थांबला की तिथल्या प्लग-इनचा खर्च रोज चढतो आणि फळही रोज उतरतं. वर्षभर राबून बागायतदाराने माल आमच्या हाती दिलाय, तो कागदावरून अडू नये.

हे सगळं मान्य असल्याचा रिप्लाय आज संध्याकाळी 6 पर्यंत द्या, सोबत ड्रायव्हरचा नंबर कधी मिळेल तेही कळवा. 20 ला मी दिवसभर पॅकहाऊसवरच आहे.

आपला,
विलास
निर्यात विभाग, पिंपळगाव बसवंत
16 फेब्रुवारी 2026