शेवेच्या दरपत्रकाच्या वर्कबुकसोबतची टीप

माननीय देशपांडे साहेब,

सोबत Shev_Dar_v3.xlsx पाठवते आहे. सोमवारी डीलरांना नवे दर सांगण्याआधी एवढं वाचावं, ही विनंती.

हे गणित ४०० ग्रॅम आणि १ किलोच्या पाकिटांसाठी, नेहमीच्या महिन्यांतल्या डीलर-दरापुरतं आहे. दराचं सूत्र असं:

```
=ROUND(D18/(1-B4),2)
```

D18 मध्ये एका पाकिटाचा पूर्ण खर्च आहे, B4 मध्ये मार्जिन, सध्या २० टक्के. हे मार्जिन विक्री-दरावर धरलं आहे, खर्चावर नाही. खर्च ८० रुपये असेल तर दर १०० येतो. आपण आजवर खर्चात २० टक्के मिळवून ९६ लावत होतो, तेव्हा हाती प्रत्यक्षात १६.६७ टक्केच राहतात. त्यामुळे नवे दर चढे दिसतील. डीलर विचारतीलच.

बेसनाचा भाव गेल्या दोन महिन्यांच्या खरेदीची वजनानुसार सरासरी आहे, कारण ते गोदामात पडून असतं. पामतेलाला मात्र शेवटच्या बिलाचा भाव लावला आहे, आणि मला खरी काळजी याच रकान्याची वाटते. तयार शेवेत ३६ टक्के तेल धरलं आहे, म्हणजे ४०० ग्रॅमच्या पाकिटात १४४ ग्रॅम. तेल किलोमागे १० रुपयांनी चढलं की खर्च १.४४ रुपयांनी आणि दर १.८० रुपयांनी वाढतो. आयातशुल्काचा एक आदेश निघाला की हे सगळं हलतं: कच्च्या पामतेलावरचं मूळ शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये शून्यावरून २० टक्के झालं आणि मे २०२५ मध्ये १० टक्क्यांवर आलं. म्हणून B7 मधला तेलाचा भाव एका आठवड्यापेक्षा जुना असेल, तर त्या दिवशीचा दर कुणालाही सांगू नये.

चुरा आणि तूट मिळून ३ टक्के धरली आहे. हा आकडा उत्पादन विभागाच्या वहीतला आहे, मी स्वतः वजन करून पाहिलेला नाही. एमआरपीच्या पत्रकात जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा ५ टक्के आहे.

५ आणि १० रुपयांच्या पुड्यांना हे पत्रक कृपया लावू नका. तिथे किंमत ठरलेली असते, बदलतं ते वजन. त्यासाठी गणित उलट्या बाजूने मांडावं लागेल. दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरीही यात नाहीत, कारण तेव्हाची जादा मजुरी आणि लांबलेली उधारी वेगळी धरायला हवी.

दर वाढवल्यावर खप किती घटेल, हेही यातून कळत नाही. विक्री जशीच्या तशी राहील असं धरूनच भाड्याचा आणि विजेचा वाटा पाकिटांवर पडला आहे. खप उतरला तर तो वाटा वाढेल आणि २० टक्के टिकणार नाहीत. म्हणून माझं मत असं, की १ किलोचा नवा दर आधी फक्त इंदूर शहरात लावावा आणि उज्जैन-देवासचे डीलर महिनाभर जुन्या दरावर ठेवावेत.

बदल फक्त पिवळ्या रकान्यांत करावेत. बाकीच्या रकान्यांत सूत्रं आहेत.

आपली,
अनुजा
लेखा विभाग, इंदूर