वासुदेवाचा पोशाख : समोरून, बाजूने आणि मागून (शाळेच्या नाटकासाठी प्रॉम्प्ट)

आडव्या ए-फोर कागदावर बसेल असं एकच चित्र तयार कर. त्यात एकाच मुलीच्या तीन पूर्ण उभ्या आकृत्या शेजारी शेजारी हव्यात: डावीकडे समोरून, मध्ये बाजूने, उजवीकडे पाठमोरी. मुलगी पाचवीतली, दहा वर्षांची, उंची 4 फूट 4 इंच, सावळी, अंगाने सडपातळ. शाळेच्या नाटकात ती पहाटे गावात येणारा, घरोघरी ‘दान पावलं’ म्हणत गाणारा वासुदेव होणार आहे. तिला दाढीमिशी लावू नको, मोठ्या माणसाचा चेहराही देऊ नको. चेहरा मुलीचाच, प्रसन्न.

हे चित्र समोर ठेवून एक पालक घरच्या मशीनवर कपडे शिवणार आहेत. त्यामुळे शिवण, बंद, गाठी आणि पट्टे कुठून कुठे जातात ते स्पष्ट दिसलं पाहिजे. तिन्ही आकृत्यांची उंची सारखी, तळपाय एकाच रेषेवर. हात अंगापासून थोडे दूर आणि रिकामे, म्हणजे काखेची आणि कुशीची शिवण झाकली जाणार नाही.

टोपीवर सगळ्यात जास्त लक्ष दे, वासुदेव ओळखू येतो तो टोपीवरूनच. ती उंच, निमुळती, शंकूसारखी. कपाळापासून टोकापर्यंत एक फूट. आत पुठ्ठा, त्यावर मोरपिसांचे थर खालून वर एकावर एक चढत गेलेले, पिसांचे डोळे बाहेरच्या बाजूला, टोपीच्या चारही अंगांनी. टोकाला छोटा पितळी रंगाचा कळस. खाली तीन बोटं रुंद लाल कापडी पट्टी, तिच्यावर पांढऱ्या मण्यांची एक ओळ. पिसं आम्ही रंगीत कागदाची कापणार आहोत, म्हणून ती थोडी जाड, स्वच्छ कडांची दाखव. कृष्णाचा मुकुट आणि त्यात खोवलेलं एकच मोरपीस नको. फेटा नको, पगडी नको.

अंगात पांढरा सुती अंगरखा, पूर्ण बाह्यांचा. छातीवर एकावर एक येणारे दोन पदर, तिच्या उजव्या कुशीला कापडी बंदांनी बांधलेले. कमरेखाली भरपूर घेर, लांबी गुडघ्याच्या चार बोटं खाली, घेराच्या कडेला दोन बोटांचा लाल काठ. वासुदेव गिरकी घेतो तेव्हा हा घेर फुलतो, म्हणून चुण्या मोजता येतील इतक्या ठळक काढ. आत पांढरी सुरवार. कमरेला लाल शेला, गाठ तिच्या डाव्या बाजूला, दोन्ही टोकं गुडघ्यापर्यंत लोंबणारी. शेल्यात उजवीकडे पावा खोचलेला.

गळ्यात तुळशीची एक माळ आणि रंगीत मण्यांच्या दोन. कपाळी गंध. उजव्या मनगटात तांब्याचं कडं. पाय अनवाणी, दोन्ही घोट्यांवर चाळ.

झोळी भगव्या कापडाची. तिचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे जातो. समोरच्या आकृतीत तो बघणाऱ्याच्या डावीकडून उजवीकडे उतरेल आणि पाठमोऱ्या आकृतीत उजवीकडून डावीकडे. इथे चूक झाली तर झोळी उलट्या खांद्यावर शिवली जाईल, तेव्हा हे दोनदा तपासून घे.

बाजूच्या आकृतीत तिची डावी बाजू दाखव, म्हणजे झोळी आणि शेल्याची गाठ पूर्ण दिसेल. पावा पलीकडच्या बाजूला राहतो, तो इथे दिसला नाही तरी चालेल. टोपी या बाजूनेही सरळ उभी असावी, मागे कललेली नको, नाहीतर नाचताना ती पडेल.

पाठमोरी आकृती नुसती सावलीसारखी उरकून टाकू नको. आमचं नाटक शाळेच्या अंगणात आहे आणि पोरं तिन्ही बाजूंनी बसणार आहेत. अर्धा वेळ त्यांना वासुदेवाची पाठच दिसेल. टोपीची मागची पिसं समोरच्याइतकीच दाट हवीत. टोपीच्या मागच्या काठाला खांद्यापर्यंत येणारा लाल कापडाचा पडदा दाखव, मुलीची लांब वेणी त्याखाली लपवायची आहे. पाठीवर अंगरख्याची मधली उभी शिवण आणि कमरेवर शेल्याचे दोन वेढे दिसू देत.

खालच्या पट्टीत टाळ, चिपळ्या आणि पावा वेगळे, मोठे काढ. चिपळ्या लाकडी, त्यांच्या खाचेत छोट्या पितळी चकत्या.

चित्र जलरंगातलं, बाह्यरेषा काळ्या आणि बारीक. पार्श्वभूमी कोरी, फिकट पांढरी. उजेड सगळीकडून सारखा. जरी, टिकल्या, चमचमती आभूषणं नकोत; गावातला वासुदेव साध्या सुती कपड्यांत येतो. चित्रात एकही अक्षर किंवा आकडा लिहू नको, मापं आम्ही नंतर पेनाने टाकू. तीन आकृत्यांमध्ये रंग, माळांची संख्या किंवा काठाची रुंदी बदलता कामा नये.