वार्षिक क्रीडा महोत्सव : उद्घाटन सोहळ्याचं निवेदन

हर्णै, शनिवार, २० डिसेंबर २०२५, सकाळी ७.३०

(कंसातला मजकूर निवेदकासाठी आहे, माइकवर वाचायचा नाही. वारा समुद्राकडून येतो, म्हणून माइकला रुमाल गुंडाळावा. कर्णे दोनच आहेत, तेव्हा वाक्य संपलं की क्षणभर थांबावं. मागच्या सुरूंखाली बसलेल्या आयाआज्यांनाही शब्द पोचला पाहिजे.)

नमस्कार! सुप्रभात!

आपल्या हायस्कूलच्या वार्षिक क्रीडा महोत्सवात सर्वांचं मनापासून स्वागत. हर्णै, पाजपंढरी, अंजर्ले, आडे, साळदुरे, आसूद, मुरूड आणि कर्दे या गावांतून पहाटेच्या गाडीने, होडीने, काही जण तर पायी इथे पोचले आहेत. ज्यांच्या घरची माणसं आत्ता समुद्रात आहेत, त्या घरांतल्या आयाही कामं उरकून मुलांसाठी आल्या आहेत. आपल्या सगळ्यांना नमस्कार.

मैदानावरच्या या पांढऱ्या रेषा पाहा. काल संध्याकाळी दहावीच्या मुलांनी सुरूच्या काड्या झाडून काढल्या, लाल मातीवर पाणी मारलं आणि दोरी ताणून फक्की टाकली. दोनशे मीटरची फेरी आहे. उड्यांच्या खड्ड्यातली वाळू दोनदा चाळून घेतली आहे, तिच्यात एकही शिंपला राहिलेला नाही. मुलांनो, अनवाणी धावणाऱ्यांनी निर्धास्त धावावं.

(ढोलपथक जागेवर आहे का, पाहा. रात्रीच्या दमट हवेने कातडं सैल पडतं. सहा वाजल्यापासून ढोल उन्हाच्या बाजूला ठेवलेले आहेत. वाजवणाऱ्या मुलाने बोटाने टिचकी मारून मान हलवली की पुढे जा.)

आजच्या प्रमुख पाहुण्या व्यासपीठाकडे येत आहेत. त्या आपल्याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी आहेत. याच मैदानावर त्या खो-खो खेळल्या, शाळेच्या संघाच्या कर्णधार होत्या आणि आज सागरी पोलिसांत सेवा बजावत आहेत. त्यांच्यासोबत आपल्या मुख्याध्यापिका बाई आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. टाळ्यांच्या गजरात स्वागत करू या!

(पाहुण्या आसनस्थ झाल्यावर.)

ताई, तुम्ही इथून गेलात तेव्हा खो-खोची पाटी शेवटच्या तासाला, उन्हातच मिळायची. या वर्षी जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली जिंकल्या, मुलगेही जिंकले. मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आणि मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून आपल्या मुली सकाळच्या प्रार्थनेआधी येऊन खांब पकडायचा सराव करतात. आज दुपारी त्यांचा खेळ तुम्ही पाहालच.

सर्वांनी उभं राहावं, ही विनंती. टोप्या असतील त्यांनी काढाव्यात.

(पूर्ण शांतता झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. क्रीडाशिक्षकांचा आदेश : "परेड, सावधान! एक साथ राष्ट्रगीत शुरू कर!" राष्ट्रगीत. लगेच राज्यगीत. दोन्ही झाल्यावर : "परेड, विश्राम!")

धन्यवाद. सर्वांनी बसून घ्यावं.

आता संचलन. आपल्या शाळेचे चार गट, प्रत्येक गटात चोवीस विद्यार्थी, पुढे गटप्रमुख आणि ध्वजधारक. चारही गटांना आपण जलदुर्गांची नावं दिली आहेत. याच वर्षी जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या बारांमध्ये हे चारही जलदुर्ग आहेत. एक तर आपल्या वर्गाच्या खिडकीतून रोज दिसतो.

प्रमुख पाहुण्यांना विनंती की, त्यांनी मानवंदना स्वीकारण्यासाठी पुढे यावं.

(आदेश : "परेड, दाएँ से तेज चल!" ढोल सुरू. पहिली लाल झेंडी आली की गटप्रमुख "दाहिने देख!" म्हणेल. गटप्रमुख सलामी देईल, ध्वज खाली झुकेल. हिरव्या झेंडीला "सामने देख!" आदेशाच्या वेळी आपण गप्प राहायचं, मुलाचा आवाज कर्ण्याखाली दबता कामा नये. प्रत्येक गटाचं निवेदन त्याने लाल झेंडी गाठायच्या आत संपवावं.)

सर्वांत पुढे, भगवा ध्वज घेऊन येत आहे सिंधुदुर्ग गट! २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. या गटाची गटप्रमुख नववीतली मुलगी आहे. तिचा आवाज ऐका!

(थांबा. "दाहिने देख!" टाळ्या. "सामने देख!")

निळ्या ध्वजासह येत आहे विजयदुर्ग गट! वाघोटन खाडीच्या मुखावरचा, तिहेरी तटबंदीचा बलदंड किल्ला. या मुलांच्या रांगा पाहा. तीन रांगा, तीन तट. डावा हात खांद्याच्या उंचीला, नजर समोर. गेले तीन आठवडे ही मुलं मधल्या सुट्टीत डबा लवकर संपवून सरावाला उभी राहत होती.

(थांबा. आदेश. टाळ्या.)

आणि हा आला पिवळा ध्वज! आपला, अगदी शेजारचा सुवर्णदुर्ग! पालकहो, जरा पश्चिमेकडे मान वळवा. सकाळचं ऊन आत्ता त्याच्या तटावर पडलं आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने ज्याच्या आसऱ्याने हा किनारा राखला, तो हा दुर्ग. या गटातल्या बऱ्याच मुलांचे बाबा आणि काका रोज त्याच्या कडेने बोटी बाहेर काढतात.

(इथे हर्णै-पाजपंढरीचे पालक ओरडतील, शिट्ट्या वाजवतील. वाजवू द्यावं. मात्र आदेशाच्या आधी हात वर करून शांत करावं.)

शेवटी हिरव्या ध्वजासह येत आहे खांदेरी गट! अलिबागजवळ थळच्या समोरचं बेट. १६७९ मध्ये इंग्रज आणि सिद्दी दोघांचाही विरोध अंगावर घेत मायनाक भंडारी आणि त्यांच्या माणसांनी तिथे किल्ला उभा केला. समोर शत्रूची गलबतं, आणि इकडे दगडावर दगड चढतोच आहे!

(ढोलाचा ठेका इथे थोडा संथ होईल. तो ठरवून केला आहे. या गटातला एक विद्यार्थी कुबड्या घेऊन चालतो. तो पहिल्या रांगेत, आतल्या बाजूला आहे. बाकी तेवीस जणांनी आपलं पाऊल त्याच्या पावलाला जुळवलं आहे. ही कल्पना मुलांचीच, आम्ही कुणी सुचवलेली नाही. माइकवरून त्याचं नाव घेऊ नये, त्याबद्दल बोलूही नये. त्याने तसं स्वतः सांगितलं आहे : "मी पण गटातलाच ना, बाई?" हा गट हिरव्या झेंडीपलीकडे जाईपर्यंत काहीही बोलायचं नाही.)

चारही गटांसाठी जोरदार टाळ्या!

(गट मैदानाच्या मध्यभागी येतील. "परेड, थम!" "बाएँ मुड!" "विश्राम!")

आता क्रीडाज्योत. ही ज्योत आज सकाळी हर्णै बंदरावर पेटवली. तिथून शाळेपर्यंत आठ विद्यार्थ्यांनी ती हातोहात आणली आहे. शेवटचा टप्पा धावते आहे आपली सहावीतली मुलगी, गेल्या वर्षीच्या तालुका स्पर्धेत लांब उडीत पहिली आलेली. वाऱ्यापासून ज्योत सांभाळायला तिने दुसरा हात कसा आडवा धरला आहे, पाहा. तिची आजी देवळात दिवा नेताना असाच हात धरते.

(ज्योत मुख्य मशालीला लागेपर्यंत ढोल. वाऱ्याने विझली तर घाई नाही. काडेपेटी क्रीडाशिक्षकांच्या खिशात आहे. "ज्योत पुन्हा पेटवू या" एवढंच म्हणावं.)

ज्योत पेटली! १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खाशाबा कराडजवळच्या गोळेश्वरचे, आपल्यासारख्याच एका गावातले. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून त्यांना पाठवलं. मुलांनो, तुमच्या पाठीशीही तुमची गावं उभी आहेत. आज ती या मैदानाच्या कडेला बसली आहेत.

यानंतर शपथ. चारही ध्वजधारकांनी पुढे यावं आणि अर्धवर्तुळ करावं. शाळेची क्रीडाप्रमुख, इयत्ता दहावीची विद्यार्थिनी, शपथ देईल.

शपथ सुरू होण्याआधी एक सांगते. ही शपथ तिने आणि चारही गटप्रमुखांनी मिळून लिहिली आहे. एकेका ओळीवर त्यांची वादावादी झाली, मी ऐकली आहे. म्हणून म्हणताना नुसते ओठ हलवू नका, मोठ्याने म्हणा.

(आदेश : "परेड, सावधान! शपथ के लिए, तैयार!" उजवा हात पुढे, खांद्याच्या रेषेत. क्रीडाप्रमुख डाव्या हातात शाळेच्या ध्वजाचं टोक धरेल. ती एकेक ओळ म्हणेल, सर्व जण मागून म्हणतील.)

आम्ही, या शाळेचे विद्यार्थी,
अशी शपथ घेतो की,
या महोत्सवात आम्ही पूर्ण ताकदीने खेळू
आणि नियम पाळून खेळू.
पंच दिसत नसतील तिथेही
आम्ही रेषेच्या आतच धावू.
आऊट झालो असू तर
कुणी सांगायच्या आधी स्वतः हात वर करू.
पंचांचा निर्णय आम्हाला मान्य असेल.
पडलेल्याला आम्ही हसणार नाही,
त्याला उठायला हात देऊ.
जिंकलो तर समोरच्याचा हात हातात घेऊ.
हरलो तरीही घेऊ.
आमच्या गटाचा, आमच्या शाळेचा
आणि खेळाचा मान
आम्ही राखू.
जय हिंद! जय महाराष्ट्र!

(आदेश : "हाथ नीचे कर! विश्राम!" इथे पाच सेकंद थांबावं.)

मी प्रमुख पाहुण्यांना विनंती करते की, त्यांनी महोत्सवाचं उद्घाटन झाल्याचं जाहीर करावं.

(ताई मोजकंच बोलणार आहेत. घोषणा झाली की घंटा.)

पालकहो, या वर्षी आपण आकाशात फुगे सोडत नाही आहोत. वाऱ्याने ते समुद्रात जातात, आणि फुटलेला फुगा पाण्यात तरंगताना कासवाला खाणं वाटतो. अंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणींच्या विणीचा हंगाम आला आहे. तेव्हा फुग्यांऐवजी वाजेल शाळेची घंटा. तिचे टोल देतील आपले शिपाईमामा, कारण या मैदानावरचे सगळे खेळ आजवर त्यांच्याच घंटेने सुरू झाले आणि संपले आहेत.

(सात टोल. टाळ्या. ढोल. "परेड, दाएँ मुड! तेज चल!" गट आपापल्या मांडवात जातील.)

काही सूचना. पिण्याचं पाणी आणि कोकम सरबत विहिरीजवळच्या मांडवात आहे. अकरानंतर ऊन चढेल, मुलांना टोपीशिवाय बसू देऊ नका. पायाला लागलं, चक्कर आली, तर प्रथमोपचाराचं टेबल ग्रंथालयाच्या पडवीत आहे. पालकांनी फोटोसाठी फक्कीच्या रेषा ओलांडू नयेत, मुलं वेगात येतात. आणि एक विनंती : शेवटून पहिला येणारा जेव्हा रेषा ओलांडेल, तेव्हा त्याच्यासाठीही टाळ्या थांबवू नका.

पहिली स्पर्धा : शंभर मीटर धावणे, चौदा वर्षांखालील मुली, पहिली फेरी. खेळाडूंनी सुरुवातीच्या रेषेकडे यावं. पहिल्या पट्ट्यात सिंधुदुर्ग, दुसऱ्यात खांदेरी, तिसऱ्यात सुवर्णदुर्ग, चौथ्यात विजयदुर्ग. वेळ घेणारे पंच शेवटच्या रेषेवर तयार आहेत. त्यांनी पांढरी झेंडी वर केली आहे.

मैदान मोकळं करा. शिट्टीकडे लक्ष द्या.