प्लॉट क्र. २७ : माती-पाणी तपासणीचा अहवाल आणि परसबागेविषयी

दि. १२ मे २०२५
दौंड

सौ. व श्री. कदम यांस,
सप्रेम नमस्कार.

केडगावजवळच्या तुमच्या प्लॉटच्या मातीचा आणि बोअरच्या पाण्याचा अहवाल सोबत जोडला आहे. त्यातले आकडे पाहून घाबरू नका. फोनवर वहिनींनी विचारलं होतं, "आम्ही फसलो का?" बागेपुरतं माझं उत्तर 'नाही' असं आहे. विक्रीच्या वेळी सांगितलेली 'काळी कसदार जमीन' तिथे खरोखरच आहे, फक्त ती सात-आठ इंच खाली आहे. वर आहे तो प्लॉट सपाट करताना पसरलेला मुरूम. त्यात बांधकामाचा राडारोडा आणि सिमेंटचे गोळेही मिसळले आहेत. म्हणूनच मी नमुने दोन घेतले, एक या भरावाचा आणि दुसरा खालच्या काळ्या मातीचा. एकत्र केले असते तर धड कोणाचाच हिशोब लागला नसता.

भरावाचा सामू, म्हणजे पीएच, ८.७ आला. चुनखडी १४ टक्के आणि सेंद्रिय कर्ब अवघा ०.१८ टक्के. यात भाजीपाला करायचा विचार सोडून द्या. बागेसाठी तुम्ही ठेवलेल्या ३० बाय १५ फुटांतून हा थर उचलला तर पावणेतीन ब्रासच्या आसपास भरेल. टाकून देऊ नका. गाडी लावायच्या जागेखाली आणि फाटकापासूनच्या वाटेवर तो उत्तम बसतो. जेसीबीवाल्याला मात्र नीट सांगा की काळं दिसू लागलं की थांबायचं. नाहीतर एका दुपारीत चांगली माती खाली आणि मुरूम पुन्हा वर येईल.

आता मुद्द्याच्या, म्हणजे काळ्या मातीकडे येऊ.

सामू ८.२, क्षारता ०.६२, चुनखडी ८.५ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के. उपलब्ध नत्र हेक्टरी १६५ किलो, स्फुरद ९.२, पालाश ४६२. लोह ३.१ पीपीएम, जस्त ०.४२. हेक्टरचा आकडा साधारण शंभराने भागा, की गुंठ्याचा मिळतो.

क्षारता १ च्या आत आहे, तेव्हा जमीन खारवट नाही. विनिमययोग्य सोडियम ७ टक्के आहे आणि जमीन चोपण म्हणायला तो १५ च्या वर लागतो. म्हणून कोणी जिप्सम टाकायला सांगितलं तर ऐकू नका. जिप्सम चोपण जमिनीचं औषध आहे. तुमच्या मातीत कॅल्शियमची कमी नाही, उलट तोच उतू जातोय.

खरी अडचण चुनखडीची आहे. दगडी पाटीवर पडलेली आमच्याकडची बहुतेक काळी रानं अशीच असतात. सामू खाली आणायला गंधक टाकतात हे तुम्ही वाचलेलं दिसतंय. त्याचा हिशोब करून पाहू. एका चौरस मीटरमध्ये वरच्या अर्ध्या फुटात जवळपास १९५ किलो माती असते, तिच्यात साडेसोळा किलो चुनखडी. ती निकामी करायला पाच किलोंहून जास्त गंधक लागेल. वीस चौरस मीटर वाफ्यांना शंभर किलोंच्या वर! आणि एवढं करून तुम्ही पाणी द्याल ते बोअरचं. त्यापेक्षा सामू ८.२ आहे तो राहू द्या आणि त्यात पिकणारं पिकवा. चुनखडी हटवायची नाही, तिला वळसा घालायचा. पुढे जे लिहितोय ते सगळं याच धोरणाने.

चुनखडीमुळे लोह आणि जस्त जमिनीत असूनही मुळांना मिळत नाही. लोहाची पुरेशी पातळी ४.५ आणि जस्ताची ०.६ धरतात, दोन्ही तुमच्याकडे कमी आहेत. याची खूण ऊसवाल्यांना लगेच कळते. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्याला आम्ही केवडा म्हणतो. पुण्यात लोक पान पिवळं दिसलं की युरिया टाकतात. तसं करू नका, नत्र कमी असेल तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात. शेंड्याकडे पिवळं असेल तर लोह. पाच ग्रॅम हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि एक ग्रॅम सायट्रिक अॅसिड एक लिटर पाण्यात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. आठवड्याने पुन्हा. जमिनीतून द्यायचं तर हिराकस आणि झिंक सल्फेट प्रत्येकी ५० ग्रॅम (वीस चौरस मीटरला एवढंच पुरतं) थोड्या शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून मग मिसळा. कोरडं टाकलं तर चुनखडी ते गिळून टाकते. झिंक सल्फेट आणि सुपर फॉस्फेट एकत्र कालवू नका, दोन्ही वाया जातात.

पालाश ४६२ आहे, म्हणजे भरपूर. म्हणून चुलीची राख या बागेत आणू नका. ती पालाश वाढवते आणि सामूही. अंड्याच्या कवचाचंही तेच, आधीच चुन्याने भरलेल्या मातीत आणखी चुना कशाला?

कमी आहे ते सेंद्रिय कर्ब, नत्र आणि स्फुरद, आणि तिन्हींचा रस्ता एकच, खत. बागेत तीन फूट रुंद आणि बारा फूट लांब असे सहा गादीवाफे करा. मधे दीड-दीड फुटाच्या वाटा ठेवा. वाटेतली काळी माती उकरून वाफ्यावर घ्या, म्हणजे वाफे नऊ इंच ते फूटभर उंच होतील. यावर दोन इंच जाडीचा कुजलेल्या शेणखताचा थर लागतो. छत्तीस घनफूट, एक तृतीयांश ब्रासपेक्षा थोडं जास्त. खत घेताना मूठभर हातात घेऊन बघा. उष्ण लागलं किंवा शेणाचा वास आला, तर अजून कुजलेलं नाही. त्याबरोबर दोन किलो निंबोळी पेंड आणि सहाशे ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, तेही खताबरोबर ओळीत, मुळांच्या जवळ. पसरून टाकलं की चुनखडी त्याला बांधून ठेवते.

वाफे उंच करायचं आणखी एक कारण म्हणजे चिकणमाती. चिकण ५६ टक्के आहे. मी खणलेल्या खड्ड्यात ओतलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही तळाशी दिसत होतं. सपाट जमिनीत पावसाळ्यात मिरची आणि टोमॅटोची मुळं गुदमरतील. माती वाफशावर असतानाच हात लावा. मुठीत दाबून गोळा होतो पण बोटाने टोकरलं की फुटतो, ती वेळ. ओलीत खोदली तर ढेकळं विटेसारखी वाळतात आणि वर्षभर तुमच्याशी भांडतात. सुकल्यावर भेगा पडतातच, त्यावर इलाज आच्छादन. तुमच्या आसपास उसाचं पाचट फुकटात मिळतं. शेजारचा शेतकरी ते पेटवायच्या आत मागून घ्या. तीन इंच जाड पसरलं की भेगा, तण आणि पाणी, तिन्हींची चिंता कमी होते.

लाल मातीची गाडी मागवायचं तुमच्या मनात आहे असं वाटलं. मुळशीकडची लाल माती कुंडीला चालते. काळ्या जमिनीवर नुसती थापली तर वरचं पाणी खाली जाताना अडतं आणि थर आवळून कडक होतो. तेच पैसे शेणखतात घाला.

पाण्याबद्दल थोडं वेगळं बोलतो, कारण मला मातीपेक्षा त्याची जास्त काळजी वाटते. बोअरच्या पाण्याची क्षारता १.९ आहे. म्हणजे दर हजार लिटर पाण्यामागे जमिनीत सव्वा किलोच्या आसपास क्षार जाऊन बसतात. आज जमीन खारवट नाही, चार उन्हाळे या पाण्यावर काढले की काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. पावसाळा यातला बराच भाग धुऊन नेतो, पण वाफे निचऱ्याचे असतील तरच. म्हणून बागेसाठी गच्चीचं पावसाचं पाणी एका टाकीत घ्या. तुमच्या स्लॅबचं नऊशे चौरस फूट क्षेत्र धरलं, तर वीस मिलिमीटरच्या एका चांगल्या पावसात हजार लिटरची टाकी भरून वाहते. रोपं लावताना आणि बी उगवताना हेच पाणी वापरा, कोवळी मुळं क्षार सोसत नाहीत. नंतर बोअरचं पाणी ठिबकने, थेट मुळाशी. फवाऱ्याने दिलं तर पानांवर पांढरे डाग पडतात. आरओचं टाकाऊ पाणी बागेत सोडणं तर नकोच.

पहिलं पीक भाजी नको. जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर चार वाफ्यांत ताग पेरा, सत्तर-ऐंशी ग्रॅम बी पुरतं. फुलोऱ्यावर यायच्या सुमारास, दीड महिन्याने, कापून तिथेच गाडा. ऑगस्टअखेर ते वाफे भाजीला तयार होतील. उरलेल्या दोन वाफ्यांत वहिनींची मेथी, पालक, भेंडी, गवार खुशाल लावा. पालक आणि बीट थोडेफार क्षार सोसतात. श्रावण घेवडा बोअरच्या पाण्यावर रुसतो, तो टाकीच्या पाण्यावरच. लिंबाला केवडा हमखास येणार, लावायचं तर फवारणीची तयारी ठेवून लावा. चिकू, डाळिंब, शेवगा, कढीपत्ता यांना ही जमीन चालते. हापूस तुमच्या काकांनी कोकणातून आणून द्यायचं म्हटलंय ना? आमच्या चुनखडीच्या जमिनीत त्यापेक्षा केशरचं कलम बरं.

जागेबाबत दोन गोष्टी नक्की पाळा. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, त्यामुळे घराच्या जोत्यापासून पाच फुटांत ओलीताचा वाफा नको. भिंतीला भेगा जातात त्या अनेकदा याच कारणाने. शोषखड्ड्याच्या जवळ मुळा, गाजर, पालेभाजी लावू नका. तिकडे फुलझाडं लावा. शेवगा भिंतीपासून दूर, फाटकाच्या कोपऱ्यात.

एवढ्यात मे संपायच्या आत मुरूम उचलून घ्या आणि काळी माती उन्हात तापू द्या. वाफे पहिल्या वळवानंतर, वाफसा आला की करा. पाण्याची तपासणी येत्या एप्रिलमध्ये पुन्हा करावी, तेव्हा बोअर खोल गेलेला असतो आणि क्षारता सर्वांत जास्त दिसते. मातीची तपासणी दोन वर्षांनी पुरे. नमुना वाफ्यातूनच घ्या, पाच-सहा ठिकाणचा, खत टाकून महिना-दोन महिने उलटल्यावर.

जेसीबी कधी येणार ते कळवा. मी शक्यतो तिथे असेन, विशेषतः काळं लागायच्या वेळी.

आपला,
वि. ग. शितोळे
माती व पाणी तपासणी सल्लागार

ता. क. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम सुरू झालं की वाळू-सिमेंटचं धुणं तुमच्या उताराकडेच येईल. आत्ताच त्या बाजूला एक फूट खोल चर काढून ठेवा.