विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या जीवनसमाधानाची तुलना: मापन-समतुल्यतेची टप्प्याटप्प्याने तपासणी

तुलनेआधीचा प्रश्न

आमच्या नमुन्यात ज्येष्ठांची जीवनसमाधान मापनीवरील एकूण गुणांची सरासरी २४.१ (प्रमाण विचलन ६.४) आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची २१.४ (प्रमाण विचलन ६.२) आली. टी-चाचणी केली तर t(७७८) = ५.९८, p < ०.००१, d = ०.४३. एवढ्यावर थांबून 'म्हातारपणी माणूस अधिक समाधानी असतो' असे लिहिता आले असते. आम्ही ते लिहिलेले नाही. कारण हे वाक्य खरे ठरायचे तर दोन्ही गटांनी पाचही विधानांना एकाच मापाने उत्तरे दिलेली असावी लागतात. सारख्याच समाधानाच्या दोन व्यक्तींपैकी एकीने केवळ वयामुळे एखाद्या विधानाला जास्त गुण दिले, तर सरासरीतला फरक समाधानाचा उरत नाही, त्या विधानाचा होतो. म्हणून सरासरींची तुलना करण्याआधी मापनाची समतुल्यता तपासली आणि प्रत्येक टप्प्याचा निकाल, प्रतिकूल असला तरी, पुढे दिला आहे.

सहभागी आणि मापनी

कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातून १८ ते २४ वयाचे ४१२ विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिक संघांतून ६० वर्षांवरील ३६८ व्यक्ती सहभागी झाल्या. अपुरे भरलेले १४ अर्ज आधीच वगळले होते. डिनर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाच विधानांच्या, सात-बिंदू मापनीचा मराठी अनुवाद वापरला. पहिली तीन विधाने आजच्या आयुष्याबद्दल आहेत: ते आदर्शाच्या किती जवळ आहे, परिस्थिती कशी आहे, एकंदर समाधान किती. चौथे आणि पाचवे विधान मागे वळून पाहायला लावतात. हव्या त्या महत्त्वाच्या गोष्टी आजवर मिळाल्या का, आणि आयुष्य पुन्हा जगायला मिळाले तर काही बदलाल का. हा भेद पुढच्या निकालात निर्णायक ठरला.

अल्फा गुणांक विद्यार्थ्यांत ०.८३ आणि ज्येष्ठांत ०.८२ आला. दोन्ही गटांत अल्फा चांगला आहे म्हणजे तुलना करायला हरकत नाही, असा समज सर्रास आढळतो. अल्फावरून इंटरसेप्ट समान आहेत की नाहीत हे कळत नाही, म्हणून त्याला आम्ही या बाबतीत पुरावा मानलेले नाही.

विश्लेषणाची रीत

बहुगट पुष्टीकारक घटक विश्लेषण आर प्रणालीतील `lavaan` संचाने केले. उत्तरे प्रसामान्य वितरणाला धरून नव्हती, म्हणून एमएलआर अनुमानक वापरला. सात उत्तरपर्याय असल्याने विधाने सलग चलांसारखी हाताळली. विद्यार्थी गटात अप्रकट चलाचा मध्य ० आणि प्रचरण १ धरले. चार टप्पे असे: कॉन्फिगरल (एकच घटक, बाकी सर्व मोकळे), मेट्रिक (घटक-भार समान), स्केलर (इंटरसेप्टही समान) आणि स्ट्रिक्ट (अवशिष्ट प्रचरणेही समान).

```r
m  <- 'sam =~ v1 + v2 + v3 + v4 + v5'
f3 <- cfa(m, data = d, group = "gat",
          estimator = "MLR", std.lv = TRUE,
          group.equal = c("loadings", "intercepts"))
lavTestScore(f3)
```

निकष आकडे पाहण्याआधीच ठरवून लिहून ठेवले होते. सीएफआय ०.०१० पेक्षा जास्त घसरला तर समतुल्यता नाकारायची. चेंग आणि रेन्सवोल्ड यांनी २००२ मध्ये हाच निकष सुचवला होता. चेन यांच्या २००७ च्या शिफारशीप्रमाणे त्याला आरएमएसईएमधील ०.०१५ च्या वाढीची जोड दिली. काय-वर्गातील फरक सटोरा-बेंटलर सुधारणेने काढला आणि प्रत्येक ठिकाणी नोंदवला, पण एवढ्या मोठ्या नमुन्यात केवळ त्याच्या p-मूल्यावर निर्णय सोपवला नाही.

टप्प्याटप्प्याचे निकाल

| प्रतिमान | χ² (df) | सीएफआय | आरएमएसईए | एसआरएमआर |
|---|---|---|---|---|
| कॉन्फिगरल | १९.८४ (१०) | ०.९९० | ०.०५५ | ०.०२१ |
| मेट्रिक | २६.४७ (१४) | ०.९८७ | ०.०५३ | ०.०३३ |
| स्केलर, पूर्ण | ७७.५० (१८) | ०.९४१ | ०.१०० | ०.०५२ |
| स्केलर, वि. ५ मोकळे | ४१.०० (१७) | ०.९७६ | ०.०६६ | ०.०४० |
| स्केलर, वि. ४ व ५ मोकळी | २९.६० (१६) | ०.९८६ | ०.०५२ | ०.०३५ |
| स्ट्रिक्ट, अंशतः | ४०.२० (१९) | ०.९७८ | ०.०६० | ०.०४१ |

कॉन्फिगरल प्रतिमान दोन्ही गटांत नीट बसले (p = ०.०३१). प्रमाणित घटक-भार विद्यार्थ्यांत ०.५२ ते ०.८१ आणि ज्येष्ठांत ०.५५ ते ०.८३ होते. दोन्हीकडे सर्वांत कमी भार पाचव्या विधानाचा होता.

घटक-भार समान धरल्यावर फारसे काही बिघडले नाही: Δχ²(४) = ६.७०, p = ०.१५३, सीएफआयमध्ये घट ०.००३. मेट्रिक समतुल्यता मान्य केली.

स्केलर टप्प्यावर मात्र प्रतिमान कोसळले. Δχ²(४) = ५८.५३, p < ०.००१. सीएफआय ०.०४६ ने घसरला आणि आरएमएसईए ०.०४७ ने वाढला. पूर्ण स्केलर समतुल्यता नाकारली. याचा सरळ अर्थ असा की सुरुवातीला दिलेली टी-चाचणी दोन गटांच्या समाधानाची तुलना म्हणून वाचता येत नाही.

बिघाड कुठे आहे हे स्कोअर चाचण्यांनी शोधले आणि एका वेळी एकच बंधन सोडले. सर्वांत मोठे मूल्य पाचव्या विधानाच्या इंटरसेप्टचे होते, χ²(१) = ४१.२. तो मोकळा केल्यावर प्रतिमान बरेच सुधारले, पण मेट्रिक प्रतिमानाच्या तुलनेत सीएफआयची घट ०.०११ राहिली आणि Δχ²(३) = १६.१६, p = ०.००१ आले. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा हे फक्त ०.००१ ने जास्त आहे. आधी लिहून ठेवलेला निकष अशा वेळी वाकवायचा नाही, म्हणून आम्ही थांबलो नाही. पुढचे मूल्य चौथ्या विधानाचे होते, χ²(१) = १२.८. तेही मोकळे केल्यावर मेट्रिक प्रतिमानापासूनचा फरक नगण्य उरला: Δχ²(२) = ३.०५, p = ०.२१८, सीएफआयमध्ये घट ०.००१. पाचपैकी तीन इंटरसेप्ट समान ठेवलेली ही अंशतः स्केलर समतुल्यता पुढच्या तुलनेचा आधार आहे.

स्ट्रिक्ट टप्प्यावर पहिल्या तीन विधानांचीच अवशिष्ट प्रचरणे समान धरली. Δχ²(३) = १०.०३, p = ०.०१८, सीएफआयमध्ये घट ०.००८. काय-वर्ग एक सांगतो आणि सीएफआय दुसरे. अप्रकट मध्यांच्या तुलनेला या टप्प्याची गरज नाही, म्हणून त्यावर निष्कर्ष बेतलेला नाही.

दोन विधाने का सरकली

समान समाधान असताना ज्येष्ठांनी पाचव्या विधानाला विद्यार्थ्यांपेक्षा १.०५ आणि चौथ्याला ०.५७ गुण जास्त दिले. स्कोअर चाचणी मात्र एक गोष्ट सांगू शकत नाही: ही दोन विधाने वर सरकली, की उरलेली तीन खाली. गणिताच्या दृष्टीने दोन्ही वर्णने जवळपास सारखीच बसतात. कोणती विधाने स्थिर मानायची हा निर्णय विधानांच्या अर्थावरूनच घ्यावा लागतो, आणि आम्ही तो तसाच घेतला हे स्पष्ट नोंदवतो.

अर्थ तपासण्यासाठी सहा विद्यार्थी आणि सहा ज्येष्ठ यांना प्रत्येक विधानाचे उत्तर देताना मनात काय आले ते बोलून दाखवायला सांगितले होते. बँकेतून निवृत्त झालेल्या ७१ वर्षांच्या एका आजोबांनी एकंदर समाधानाला ४ गुण दिले आणि पाचव्या विधानाला ७. विचारल्यावर म्हणाले, "जे झालं ते झालं. आता त्यात काय बदलायचं?" ते स्वतःच्या समाधानाबद्दल बोलत नव्हते, गेलेल्या काळाशी केलेल्या समझोत्याबद्दल बोलत होते. दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने एकंदर समाधानाला ५ दिले, पण पाचव्याला २. "बारावीला सायन्स घेतलंच नसतं," एवढेच तिचे कारण. दोघांची समाधानाची पातळी जवळपास सारखी, पण एकाच प्रश्नावर पाच गुणांचे अंतर. चौथ्या विधानातही असेच आहे. विशीतल्या मुलीला 'आजवर' काय मिळाले असणार? उत्तर समाधानापेक्षा उलटून गेलेल्या वर्षांवर जास्त अवलंबून आहे.

बारा मुलाखतींनी काही सिद्ध होत नाही. पण आकड्यांनी दाखवलेली आणि माणसांनी सांगितलेली जागा एकच आहे, आणि त्यामुळे पहिली तीन विधाने स्थिर मानण्याचा निर्णय आम्हाला योग्य वाटतो.

सरासरींची तुलना

अंशतः स्केलर प्रतिमानात ज्येष्ठांचा अप्रकट मध्य विद्यार्थ्यांपेक्षा ०.१९ एककांनी जास्त आला, प्रमाण त्रुटी ०.०८३, z = २.२९, p = ०.०२२, ९५% विश्वास-अंतराल ०.०३ ते ०.३५. नाकारलेल्या पूर्ण स्केलर प्रतिमानात हाच फरक ०.३९ (०.२३ ते ०.५५) दिसला असता. म्हणजे त्या फरकाचा जवळजवळ अर्धा भाग दोन विधानांच्या सरकण्यातून आलेला आहे. ज्येष्ठ थोडे अधिक समाधानी आहेत, पण कच्च्या गुणांवरून वाटते तेवढे नाहीत, आणि विश्वास-अंतरालाचे खालचे टोक शून्याला जवळजवळ टेकलेले आहे.

एक शंका आम्हाला शेवटपर्यंत सतावत होती. ३६८ पैकी १३१ ज्येष्ठांना दृष्टी अधू असल्याने किंवा वाचनाची सवय नसल्याने विधाने वाचून दाखवावी लागली. समोर माणूस बसलेला असताना 'काही बदलणार नाही' म्हणणे सोपे जाते. म्हणून स्वतः अर्ज भरलेल्या २३७ ज्येष्ठांवर संपूर्ण क्रम पुन्हा चालवला. पुन्हा तीच दोन विधाने मोकळी करावी लागली. पाचव्याच्या इंटरसेप्टमधील फरक ०.९३ आणि अप्रकट मध्यांतील फरक ०.२२ (०.०४ ते ०.४०) आला. वाचून दाखवण्याचा परिणाम असला तरी मुख्य निकाल त्यावर उभा नाही. दोन गटांतील फरक वयाचा की पिढीचा, हे एकाच वेळी गोळा केलेल्या माहितीतून वेगळे करता येत नाही.

पडताळणीसाठी पहिल्या तीन विधानांच्या बेरजेवर साधी तुलनाही केली: विद्यार्थी १३.१ (प्रमाण विचलन ४.२), ज्येष्ठ १३.८ (प्रमाण विचलन ४.१), t(७७८) = २.३५, p = ०.०१९, d = ०.१७. अप्रकट मध्यांच्या निकालाशी ती जुळते. या लेखाच्या उरलेल्या भागात दोन गटांची तुलना जिथे जिथे येते, तिथे अंशतः स्केलर प्रतिमानातील अप्रकट मध्य वापरला आहे. पाचही विधानांची बेरीज फक्त एकाच गटातील सहसंबंधांसाठी वापरली आहे.