नाईट शिफ्टच्या सगळ्यांना, मनापासून

मंडळी, आज एक तारीख. काल पहाटे शेवटची गाडी गेटबाहेर पडली तवा निम्मेजण हात धुवायला गेलेलासा आणि निम्मे आहे तिथंच क्रेटवर टेकलेलासा, त्यामुळं नीट बोलायला मिळालंच नाही. आणि शॉपमधे मशीनच्या आवाजात घाईघाईनं थँक्यू म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नव्हे, म्हणून बसून लिहितोय. थोडं लांबेल, पण वाचा.

25 तारखेला संध्याकाळी प्लॅनिंगचा कागद आला तेव्हा 2,340 पंप हाउसिंग बाकी होते. कारण तुमाला माहीतच आहे. पावसात फौंड्रीच्या वाळूला ओल धरली, पहिल्या लॉटला ब्लोहोल आले, तो लॉट परत गेला आणि दुसरं कास्टिंग हातात पडेपर्यंत निम्मा महिना संपलेला, त्यात आपल्या तीन नंबर व्हीएमसीचं स्पिंडल बेअरिंग बसलं. तिकडं पुण्याच्या कस्टमरचं म्हणणं एकच, 31 ला संध्याकाळपर्यंत माल स्टोअरला पाहिजे, नाहीतर एक तारखेला त्यांची असेंब्ली लाईन उभी. ऑफिसमधे काहीजणांनी सरळ सांगितलेलं, अर्धा माल गेला तरी लई झालं, उरलेला ऑगस्टमधे ढकलू. मी तुमच्याकडं आलो आणि आकडा सांगितला, तवा कुणी तोंड वाकडं केलं नाही. मारुतीमामांनी फक्त विचारलं, "कास्टिंग सगळं आत आलंय न्हवं? मग होतंय." एवढंच.

आणि झालं. सगळं झालं. पण मला आभार मानायचेत ते नुसत्या आकड्याचे नाहीत. माल संपवायचाच म्हटला तर डोळे झाकून पण संपवता येतो. तुमी तसा संपवला नाहीसा, म्हणून हे लिहायलोय.

28 च्या रात्रीचं सांगतो, कारण त्या रात्री मी स्वतः तिथं उभा होतो. दीडच्या सुमाराला लाईट गेली, डीजी चालू होऊन मशीन परत उठवेपर्यंत पाऊण तास गेला. पाऊण तास म्हणजे पंचवीस-तीस पीस, आणि त्या आठवड्यात एकेक पीस मोजत होतो आपण. मी म्हणणार होतो चला लावा लगेच, पण बसूअण्णानं आधीच वॉर्म-अप प्रोग्राम टाकलेला, स्पिंडल रिकामंच फिरत होतं. मशीन थंड झालंय री, वीस मिनटं फिरू दे, नाहीतर पहिल्या दहा पीसचा साईज हलतोय. घड्याळाकडं बघून सगळ्यांचा जीव वरखाली होत असताना हा माणूस शांत उभा. 52 च्या बोअरला शून्य ते तीस मायक्रॉन एवढीच जागा आहे आपल्याला, त्यात थंड मशीनवर साईज धरून बसणं म्हणजे काय ते जॉब लावणाऱ्यालाच माहीत.

त्याच पहाटे चारला परशरामनं मशीन थांबवलं. बोअर गेज 28 दाखवत होता. नो-गो आत जात नव्हता, म्हणजे कागदावर पीस पास. कुणी काही विचारलं नसतं. तो म्हणाला मागचा 24 होता, त्याच्या आधीचा 21, हे वर चाललंय, पुढचा बाहेर जाणार. ऑफसेट दिला, नवीन पीस 14 वर आणला, आणि नंतर जे केलं ते मला कायम लक्षात राहील, मागं क्रेटमधे गेलेले 46 पीस परत काढले आणि एकेक करून सगळे तपासले. पहाटे चारला! त्यातले दोन 30 च्या वर निघाले. ते दोन पुण्याला गेले असते तर नुसते दोन परत आले नसते, अख्ख्या लॉटचं सॉर्टिंग लागलं असतं आणि आपला माणूस तिथं जाऊन बसला असता. परशराम, तुला इन्स्पेक्शनला येऊन अजून दोन वर्षं पण झाली नाहीत. ती रेड टॅगची ट्रे मी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलेली आणि कुणी पकडले ते नाव घेऊन सांगितलंय.

डीबरिंगवाल्यांचं काम बाहेर कुणाला दिसत नाही, मला दिसतं. आतल्या आडव्या भोकात एक बारीक बर राहिली की ती तेलात जाते, स्पूलला ओरखडा पडतो, व्हॉल्व्ह अडकतो, आणि मग शेतात कुणाचातरी ट्रॅक्टर उभा राहतो. संतोष आणि किरण, तुमी दोघांनी टॉर्च मारून प्रत्येक भोक बघितलासा, शेवटच्या रात्री सुद्धा, डोळे लाल झालेले असताना सुद्धा. संतोषच्या अंगठ्याला फाईल लागलेली, पट्टी बांधून परत बसला. (संतोष, तो अंगठा दाखवून धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलास काय? नसशील तर आजच घे, पैसे मी देतो, ऐकून सोडून देऊ नको.)

आणि पॅकिंग. बेळगावचा जुलै आपल्याला काय नवीन नाही, कपडे चार दिवस वाळत नाहीत तिथं कास्ट आयर्न कसं टिकणार, मशीनवरून काढलेला पीस ओला ठेवला तर सकाळपर्यंत तांबूस होतो, नुसत्या हाताच्या घामानं सुद्धा बोटांचे ठसे उमटतात. इरफानभाईंनी पहिल्याच रात्री नियम केला, हातमोज्याशिवाय कुणी पीसला हात लावायचा नाही, एअर मारून पूर्ण कोरडा, मग तेलात, निथळला की लगेच व्हीसीआय पिशवीत, एक पण पीस उघडा टेबलावर राहता कामा नये. सुरवातीला वेळ जातोय म्हणून कुरकुर झाली, खरं तिसऱ्या रात्रीपासून सगळ्यांचा हात असा बसला की मशीनच पॅकिंगच्या मागं पडायला लागलं. काल संध्याकाळी कस्टमरच्या स्टोअरमधून फोन आला, सगळा माल मिळाला, वरचे क्रेट उघडून बघितले, गंज कुठं नाही. पावसाळ्यात असा फोन येतो काय कधी? मला तरी आठवत नाही.

नागेश, तुझं वेगळं सांगायला पाहिजे. तीन नंबरचं बेअरिंग बदलायला बाहेरचा माणूस सोमवारी येणार होता, तू 26 च्या रात्री ते स्पिंडल खोललास, बेअरिंग बसवलास, रनआऊट चेक केलास आणि सकाळी सहाला मशीन प्रॉडक्शनला दिलास. ते चौथं मशीन मिळालं नसतं तर सगळा हिशेबच चुकला असता, हे मी प्लॅनिंगच्या मीटिंगमधे असंच्या असं बोललोय.

शेवटच्या गाडीचं काय झालं ते काहीजणांना माहीत नाही. ठरलेला ट्रक रात्री एकला हत्तरगीच्या अलीकडं बंद पडला. तोवर ई-वे बिल त्या ट्रकच्या नंबरावर काढून झालेलं. इरफानभाईंनी ट्रान्सपोर्टवाल्याला झोपेतून उठवून दुसरी गाडी मागवली, डिस्पॅचच्या पोरांनी पोर्टलवर पार्ट-बी मधे नवीन नंबर टाकला, आणि तोवर माल दारात रचून तयार, गाडी लागल्यापासून चाळीस मिनटात भरून ताडपत्री बांधून मोकळी. पुणं साडेतीनशे किलोमीटरच्या आत, 200 किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं बिलाला दोन दिवस मिळतात, त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती पाण्याची. 2021 च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर आली आणि गाड्या दोन्हीकडं अडकून पडल्या ते आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणून पहाटेच गाडी काढायची हा हट्ट इरफानभाईंचा, आणि बरोबर हट्ट. दुपारी निपाणीकडं पावसाचा जोर वाढला तवा आपली गाडी साताऱ्याच्या पुढं पोचलेली. बिल गेटवर देऊन बसूअण्णा आत आला आणि मोठ्यानं म्हणाला, "मुगीत्री!" आणि सगळा शॉप हसला, तो आवाज अजून कानात आहे.

अजून एक गोष्ट, जी कुठल्या रिपोर्टमधे येत नाही. जुलै म्हणजे आपल्याकडं भात लावणी. येळ्ळूर, देसूर, हलगा, तुमच्यातल्या बऱ्याचजणांची शेतं आहेत, रात्रभर मशीनवर उभं राहून सकाळी सातला घरी जाऊन सरळ चिखलात उतरत होतासा, हे मला माहीत आहे. मारुतीमामांच्या पँटच्या घडीत रोज संध्याकाळी वाळलेला चिखल असायचा. लावणीला माणसं मिळत नाहीत, पाऊस थांबत नाही आणि इकडं कंपनीचा माल अडलेला, दोन्हीकडं तुमीच. आणि घरच्यांनी पण हे सोसलं, रात्रीचा डबा, दिवसा झोपेच्या वेळी पोरांना गप्प बसवणं, एकटीनं शेताकडं बघणं. वहिनींना आणि काकूंना माझ्याकडून आवर्जून आभार सांगा.

आता कामाचं. सहा रात्रींचे जादा तास डबल रेटनं या पगारात लागणार, मी स्वतः हजेरीच्या रजिस्टरवरून मोजून एचआरला दिलेत आणि त्यांची सही घेतली. शिवाय प्रत्येकाला दोन दिवस भरपगारी सुट्टी मंजूर करून घेतली, लावणी बाकी असेल त्यांनी या आठवड्यात घ्या, बाकीच्यांनी नागपंचमीला जोडून घेतली तरी चालेल, फक्त एकाच दिवशी सगळे बसू नका, मारुतीमामांना विचारून ठरवा. आणि मी ऑफिसमधे एक गोष्ट लेखी मागितली आहे, कास्टिंग दहा तारखेपर्यंत आलं नाही तर त्याच दिवशी सगळ्यांना कळलं पाहिजे, 25 ला नव्हे. तुमी करतासा म्हणून दर महिन्याला तुमच्याच अंगावर टाकायचं हे मला मान्य नाही. उत्तर आलं की सांगतो.

आज रात्री शिफ्ट सुरू व्हायच्या आधी साडेनऊला कँटीनमधे या, कुंदा आणि गरम मिरची भजी सांगितलीय, मॅनेजरसाहेब पण येणार आहेत. सुट्टीवर असणाऱ्यांचा कुंद्याचा डबा नावानिशी सिक्युरिटीकडं ठेवलाय, मारुतीमामांना साखर चालत नाही म्हणून त्यांना शेवचिवडा. पगाराच्या स्लिपमधे ओटीचे तास कमी दिसले तर सरळ मला फोन करा, रात्री केलासा तरी चालेल.

तुमचा,
विनायक
मशीन शॉप