माया

जून संपताना अनंतमामा टेलरनं वही पाहिली तेव्हा त्याला वाटलं, यंदाचा हंगाम बरा गेला. मिरजेतल्या त्या गल्लीत आणि आजूबाजूला मिळून शाळेच्या गणवेशाचे साठ जोड त्यानं शिवले होते. कापडासकट जोड नऊशे रुपयांना. चोपन्न हजारांचं काम झालं, एवढं मोठं काम पूर्वी कधी एका महिन्यात झालं नव्हतं.

खर्चाचा हिशेब त्याला तोंडपाठ होता. कापड चारशे वीस, बटण-रीळ-चेन-बुकरम पन्नास, कारागिराची मजुरी एकशे ऐंशी, भाडं आणि लाईट बिलाचे पन्नास. सातशे. वर उरतात दोनशे. साठ जोडांचे बारा हजार. शोभानं त्या आकड्यावर हिशेब बांधून ठेवला होता : ओव्हरलॉक मशीनची मोटर दुरुस्त करायची आणि प्राजक्ताची बारावीच्या क्लासची फी भरायची.

पण गल्ल्यात होते तीन हजार शंभर.

मामानं दोनदा मोजले. मग वहीची मागची पानं उघडली. एकोणतीस जोड उधारीवर गेले होते. कुणाची नावं नुसतीच, कुणाच्या नावापुढे ‘पगार झाल्यावर’, कुणाच्या पुढे ‘पंधरा तारखेला’. सगळी ओळखीची माणसं. कोपऱ्यावरचे पाटीलकाका, दूधवाला, वरच्या मजल्यावरची भाड्यानं राहणारी मंडळी, आणि सुवर्णावहिनी, जिचा नवरा कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला होता. शाळा सुरू होतेय, पोरगं गणवेशाशिवाय जाणार कसं, असं म्हटल्यावर मामाच्या तोंडून नाही निघत नसे. तोही कधी उसन्या चपला घालून शाळेत गेला होता.

आलेले पैसे कुठं गेले तेही लिहिलेलंच होतं. कारागीर दर शनिवारी मजुरी घ्यायचा, आणि घ्यायलाच हवी, त्याच्या घरी चार तोंडं होती. बटणं, रीळ रोखीनं. दुकानाचं भाडं, लाईट बिल. आठ हजार घरात लागले. फक्त कापडवाल्याचेच द्यायचे राहिले होते : पंचवीस हजार दोनशे, तीस दिवसांच्या मुदतीवर.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सांगलीच्या कापडपेठेतून मुनीम तात्यांचा फोन आला. मामा दुसऱ्या दिवशी एसटीनं गेला.

‘तात्या, धंदा चांगला झालाय. बारा हजार नफा आहे वहीत,’ मामा म्हणाला.

‘नफ्याचं नंतर बोलू. रोकड किती आणलीय?’

मामा गप्प बसला. तात्यांनी चहा मागवला, पण गाठोडं मात्र सोडलं नाही. ‘तुमचं कापड मी मालकाला विचारून दिलं होतं. आधी मागचं भरा, मग राखी-गणपतीचं अस्तर घेऊन जा. आम्हालाही मिलवाल्याचे द्यायचे असतात, अनंतराव.’

तात्यांचा राग करण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते आपल्या मालाचे पैसे मागत होते. मामा मात्र आपल्या शिलाईचे पैसे मागायला लाजत होता.

ओळखीच्या एका माणसाकडून त्यानं पंचवीस हजार उचलले, शेकडा तीननं. महिन्याला साडेसातशे व्याज. कापडवाला भागला. उरलेल्या दोन हजार नऊशेत रोखीनं थोडं अस्तर आणि फॉल आणला. तेवढ्यात जेवढे ब्लाऊज बसले तेवढेच शिवता आले. गणपतीआधी तीन बायका अस्तराचे ब्लाऊज टाकायला आल्या आणि पिशव्या परत घेऊन गेल्या.

उधारी मागायला निघायचं तर संध्याकाळीच. दुकान बंद करून मामा एकेका दाराशी जायचा. पाटीलकाकांनी त्याच रात्री दोन्ही जोडांचे अठराशे हातात ठेवले, वर म्हणाले, ‘अरे, आठवण नाही का करायची?’ ते ऐकून मामाला स्वतःचाच राग आला. विचारलंच नव्हतं त्यानं! काहींनी हप्त्याहप्त्यानं दिले. वरच्या मजल्यावरची मंडळी चार जोड घेऊन खोली सोडून गेली, तीही रात्रीतून. एकानं ‘दिलेत की तुझ्या बायकोपाशी’ म्हणून हात वर केले.

सगळ्यात लागलं ते वेगळंच. ज्यांच्याकडे पैसे थकले होते ती माणसं दुकानासमोरून जायची बंद झाली. आणि एक दिवस स्टेशन रोडला मामानं दूधवाल्याची बायको पाहिली. दुसऱ्या टेलरच्या दुकानातून ती नवे ब्लाऊज घेऊन, रोख पैसे मोजून, उतरत होती. मामाला पाहून तिनं पदर पुढे ओढला. म्हणजे उधारी बुडाली ती बुडालीच, गिऱ्हाईकही गेलं, आणि तिच्याकडची रोकड दुसऱ्याच्या गल्ल्यात गेली.

खंडेनवमीला मशीन पुसून, तेल घालून, हळदकुंकू वाहिलं. प्राजक्तानं वही पुढ्यात घेतली. तोवर एकोणतीसपैकी अठरा जोडांचे पैसे आले होते. अकरा उरले होते, आणि ते येणार नाहीत हे आता मामालाही कळत होतं.

‘अकरा दुणे बावीस. बावीसशे रुपयांचा नफा गेला, धरून चालू,’ मामा म्हणाला.

‘नफा नाही गेला, बाबा. कापड आपण विकत आणलं होतं, मजुरी आपण दिली होती. एका जोडामागे सातशे रुपये आपल्या खिशातून गेलेत. अकरा जोडांचे सात हजार सातशे.’ तिनं पेन्सिलीनं भागाकार केला. ‘जोडामागे दोनशे सुटतात ना? हे भरून काढायला एकोणचाळीस जोड शिवायला लागतील. फुकट. व्याजाचे तीन महिन्यांचे साडेबावीसशे धरले तर पन्नास.’

मामा मशीनकडे पाहत राहिला. पन्नास जोड म्हणजे जवळजवळ अख्खा जून. पहाटे पाचला उठून, पाठ मोडेस्तोवर बसून केलेला जून.

‘पन्नास,’ तो म्हणाला. शोभानं काही न बोलता मोटरच्या दुरुस्तीचा कागद देवाच्या फोटोमागे सरकवला.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्यानं दुकानात पुठ्ठा लावला : ‘माप देताना निम्मे पैसे.’ निम्मे म्हणजे साडेचारशे. त्यात निदान कापड सुटत होतं. पुढच्या आठवड्यात दोघं-तिघं पुठ्ठा वाचून परत फिरले. दिवसभर मामाचा जीव खालीवर होत होता. पण ज्यांनी पैसे दिले त्यांचं काम त्यानं कबूल केलेल्या दिवशी दिलं, कारण सामानासाठी आता अडत नव्हतं.

डिसेंबरात सुवर्णावहिनीचा पोरगा दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. अकरातला एक जोड त्याच्या अंगावर होता. पँट घोट्याच्या वर चढली होती.

‘मामा, आईनं पाठवलंय. उंची वाढवता येईल का?’

मामानं पँट उलटी करून पाहिली. जूनमध्ये वाढत्या अंगाचं पोरगं म्हणून त्यानं खाली दोन इंच माया सोडली होती. त्यानं दुमड उसवली, जुनी रेघ इस्त्रीनं मोडली, नवी टीप मारली. पोरगं टॉवेल गुंडाळून स्टुलावर बसलं होतं.

‘तीस रुपये,’ मामा म्हणाला. आवाज थोडा कापला, पण म्हणाला.

पोरानं मुठीतून शंभराची घामेजलेली नोट काढली. ‘बाबांचं काम पुन्हा सुरू झालंय. आई म्हणाली, तीस कापा नि बाकीचे जुन्या हिशेबात लिहा. दर महिन्याला पाठवेल म्हणाली.’

मामानं मागचं पान उघडलं. नऊशेपुढं सत्तर जमा लिहिले, खाली आठशे तीस काढले, आणि वही फिरवून पोराला आकडा दाखवला.

‘आईला सांग, एवढे राहिले.’